मानेवरच्या चामखिळी आणि गालावरचे काळे ठिपके: काढावेत का, कधी, कुणाकडून?

गोदावरीची_लेक

माझं वय ४७. गेल्या चार-पाच वर्षांत मानेच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या चामखिळी आल्या आहेत. आधी दोन-तीनच होत्या, परवा आरशात मोजल्या तर चौदा निघाल्या. बहुतेक तांदळाच्या कणीएवढ्या आहेत. एक मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी आहे, आणि ती नेमकी मंगळसूत्र घासतं तिथे. मागच्या आठवड्यात साडी बदलताना मंगळसूत्राच्या कडीत अडकून ती ओढली गेली आणि ब्लाउजच्या गळ्यावर रक्ताचा डाग पडला. रक्त लगेच थांबलं, पण मी घाबरले.

दुसरं म्हणजे गालांवर, डोळ्यांखालच्या हाडावर काळे बारीक उंचवटे आलेत. ते लोंबत नाहीत, वरून चिकटवल्यासारखे दिसतात. माझ्या आईला अगदी असेच होते, तिच्या सत्तरीत चेहऱ्यावर पन्नासेक तरी असतील. मला आत्ताच वीसेक झालेत.

पुतण्याचं लग्न सहा आठवड्यांवर आलंय. पार्लरवाली म्हणते, अर्ध्या तासात मशीनने मान आणि चेहरा दोन्ही साफ करून देते. सासूबाई म्हणतात चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लाव. नवरा म्हणतो, हात लावू नकोस, एक काढलीस की दहा येतील. कुणाचं ऐकू? चेहऱ्यावर डाग राहतात का? आणि यातलं काही वाईट असू शकतं का, ते कसं ओळखायचं? ज्यांनी काढून घेतल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माळरान

ताई, चुना-सोडा अजिबात नको. माझ्या चुलत्यांनी लावला होता, चामखीळ गेली पण भोवतीची कातडी जळून रुपयाएवढी जखम झाली. महिनाभर मलमपट्टी करत होते.

त्यापेक्षा दोरा बांधा. आमच्याकडे घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचे, मी रेशमाचा धागा वापरला. काखेत होती, देठ बारीक होता. घट्ट गाठ मारली, चौथ्या दिवशी वाळून गळाली. फक्त ब्लेडने कापू नका. कापलं की रक्त आजूबाजूला लागतं आणि त्याचं बी पसरतं. यजमान म्हणतात ते खरं आहे.

मधुरा_डॅलस

इथे औषधांच्या दुकानात गोठवण्याचं किट मिळतं, मानेवरच्या दोन चामखिळींवर मी तेच वापरलं. दोन वर्षं झाली. एक गळाली आणि तिथे मसुराएवढा पांढरा डाग राहिला, तो अजून तसाच आहे. दुसरी गळालीसुद्धा नाही, पण तिच्याभोवतीची त्वचा मात्र पांढरी पडली. ऑफिसातल्या गोऱ्या मैत्रिणीने तेच किट वापरलं होतं, तिला काहीच झालं नाही. आपल्या रंगाला ते चालत नाही हे मला नंतर कळलं. चेहऱ्यावर तर चुकूनही वापरू नका.

मिरजेची_डॉक्टर

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, वीसेक वर्षं झाली. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान करणार नाही, पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की काही गोष्टी सांगता येतील.

तुमच्या मानेवर आणि गालावर दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. मानेवरची म्हणजे मऊ मांसाचा छोटा लोंबता तुकडा, आम्ही स्किन टॅग म्हणतो. त्याला देठ असतो आणि देठातून बारीक रक्तवाहिनी जाते. मंगळसूत्रात अडकल्यावर रक्त आलं ते तिचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. देठ कापला की विषय संपला. गालावरचे ठिपके म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थरच जागोजागी जाड झालेला असतो. त्यांना देठ नाही, खोल मुळंही नाहीत. सावळ्या वर्णाच्या लोकांत, त्यातही बायकांत, ते खूप दिसतात आणि घराण्यात चालत येतात. आईला होते म्हणालात ना, तो मोठा धागा आहे. दोन्ही निरुपद्रवी, पण काढण्याची पद्धत वेगळी आणि धोकाही वेगळा. म्हणून "मान आणि चेहरा दोन्ही अर्ध्या तासात" या वाक्याची मला काळजी वाटते.

माळरान, बी पसरण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, पण ती दुसऱ्या प्रकारच्या चामखिळीची. बोटांवर, तळपायावर खडबडीत चामखीळ येते ती विषाणूने होते. ती खरोखर पसरते, दाढीच्या ब्लेडने तर ओळीने पसरते. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हा घोळ होतो. मऊ लोंबती कापल्याने तिची पिल्लं होत नाहीत. मग "एक काढली की दहा येतात" असं का वाटतं? ज्या कारणाने पहिली आली ते कारण शरीरात तसंच असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी चार नव्या येतात. त्या न काढताही आल्याच असत्या.

ताई, एक विचारते. मानेची त्वचा मागून आणि बाजूने काळपट, थोडी मखमलीसारखी जाड झाली आहे का? घासूनही न जाणारी? आणि घरात मधुमेह आहे का?

गोदावरीची_लेक

डॉक्टर, तुम्ही हे विचारलंत आणि मी थबकलेच. मान काळी आहे, चांगली पाच-सहा वर्षं. मला मळ वाटायचा. रोज घासणीने घासते, कधी बेसन-लिंबू लावते, काही फरक नाही. वडिलांना मधुमेह होता. मला दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, नंतर नॉर्मल आली म्हणून परत कधी तपासली नाही. वजन ७६, उंची पाच फूट दोन इंच.

मिरजेची_डॉक्टर

घासणं आजच बंद करा. तो मळ नाही आणि घासून तो आणखी काळा होतो.

असं समजा, शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन तयार करतं. रक्तातलं हे वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला सांगतं. मान काळी आणि जाड होणं हे त्याचंच, आणि त्याच जागी लोंबत्या चामखिळी येणं हेही बऱ्याचदा त्याचंच. त्यात घर्षणाची भर पडते, म्हणून मान, काख, जांघ, छातीखालची घडी या जागा. प्रत्येक चामखीळवाल्याला मधुमेह असतो असं नाही, सडपातळ माणसालाही वयाप्रमाणे दोन-चार येतात. पण चौदा चामखिळी, काळी मान, वडिलांचा मधुमेह आणि बाळंतपणातली साखर हे सगळं एका माणसात असेल तर चामखीळ काढण्याआधी रक्त तपासायला हवं. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तातली चरबी, एवढं पुरे.

शंतनू_वाई

माझ्या मुलाला तळपायाला आणि अंगठ्याला चामखिळी आहेत, वय ११. चार महिने थुजा दिलं, आता दोन गेल्या आहेत. ताई, तुम्हीही थुजा घेऊन बघा, कापाकापी कशाला?

मिरजेची_डॉक्टर

शंतनू, मुलाची ती विषाणूची. मुलांमध्ये अशा चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपल्या आपण जातात, शरीर विषाणूला ओळखायला शिकतं म्हणून. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं. तो टॉवेल वेगळा वापरू दे आणि चालताना दुखायला लागलं तर दाखवा. ताईंचा प्रश्न वेगळा आहे. लोंबती चामखीळ ही वाढलेली कातडीच असते, तिला कुठल्याही गोळीने विरघळवता येत नाही.

रूपाली_सौंदर्य

माझं सातारा रोडला पार्लर आहे, मी कोर्स केलेला आहे. सगळ्यांनी पार्लरवाल्यांना वाईट ठरवू नये म्हणून लिहिते. आम्ही वापरतो ते कॉटरी मशीन आणि डॉक्टरांकडचं मशीन एकाच तत्त्वावर चालतं. मी प्रत्येक ग्राहकाला नवी सुई घेते. मानेच्या चामखिळी शेकड्याने काढल्यात, कुणालाही त्रास झालेला नाही. डॉक्टरांकडे जायला ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं?

मिरजेची_डॉक्टर

रूपाली, नवी सुई घेता हे फार चांगलं करता. सुई बदलली नाही तर कावीळ बी आणि सी रक्तातून जाऊ शकते, आणि सगळे बदलत नाहीत. मशीनबद्दलही तुमचं म्हणणं बरोबर आहे.

फरक मशीन हातात घेण्याआधीच्या दोन मिनिटांचा आहे. आम्ही डर्मोस्कोप म्हणजे उजेड असलेलं भिंग लावून बघतो की ही नक्की तीच गोष्ट आहे का. शंका आली तर जाळत नाही, कापून तपासायला पाठवतो. जाळलेल्याचा कोळसा होतो, मग तो काय होता हे कुणीच सांगू शकत नाही. मानेच्या बारीक, मऊ, कातडीच्या रंगाच्या चामखिळीत चूक होण्याची शक्यता फार कमी आहे. चेहऱ्यावरच्या एकट्या काळ्या मसात ती शक्यता खरी आहे.

आबा_इस्लामपूर

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण हे माझ्याबाबत घडलंय म्हणून लिहितो.

मी ६९ वर्षांचा आहे, शेती करतो. नाकपुडीच्या कडेला, उजवीकडे, काळा मस होता. वयाने येतात तसा आला असेल असं वाटलं. टॉवेलने तोंड पुसताना त्याची खपली निघायची, थोडं रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा निघायची. असं वर्षभर चाललं. तालुक्याला एका ठिकाणी जाळून घेतला. चार-पाच महिने बरं गेलं, मग त्याच जागी परत आला. पुन्हा तिथेच गेलो, पुन्हा जाळला. या वेळी परत आला तो मोठा होऊन. मधे खड्डा आणि भोवती चकचकीत कड, पाणी लावल्यासारखी.

लेकीने जबरदस्तीने त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला. बेसल सेल नावाचा त्वचेचा कर्करोग निघाला. तोवर तो दीड सेंटिमीटर झाला होता. ऑपरेशन करून काढला, आणि जागा भरायला गालाची कातडी सरकवून लावावी लागली. तीन वर्षं झाली, आता ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा आला असतात तर चार टाक्यांत भागलं असतं. हे मला अजून लागतं. दोन्ही वेळा जाळायच्या आधी कुणी विचारलंसुद्धा नाही की हा किती दिवस आहे, यातून रक्त येतं का.

मिरजेची_डॉक्टर

आबा, तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे.

गोऱ्या लोकांत हा कर्करोग गुलाबीसर दिसतो. आपल्यात तो बऱ्याचदा काळा असतो, म्हणून मस किंवा तीळ समजून सोडून दिला जातो. तो शरीरात दुसरीकडे जाणं अतिशय दुर्मीळ आहे, पण जिथे असतो तिथे हळूहळू पोखरत जातो. नाक आणि डोळ्याजवळ जागा कमी, म्हणून उशीर तिथे महाग पडतो. जाळल्यावर वरचा भाग जातो, खालचा राहतो, आणि खपलीखाली तो वाढतोय हे मधले काही महिने कळत नाही.

ताई, "वाईट कसं ओळखायचं" याचं उत्तर आबांच्या गोष्टीतच आहे. तुमच्या चामखिळीतून रक्त आलं कारण ती ओढली गेली, आणि नंतर ती बरी झाली. आबांच्या मसातून टॉवेल फिरवला तरी रक्त यायचं आणि तो बरा होत नव्हता. महिना-दीड महिना एखादी जागा खपली धरते आणि पुन्हा फुटते, तर ती दाखवायलाच हवी. तुमच्या गालावर वीस ठिपके आहेत आणि सगळे भावंडांसारखे दिसतात, हे धीर देणारं आहे. त्यातला एखादा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसायला लागला, काही महिन्यांत वाढला, रंग दोन-तीन छटांचा झाला, तर त्याच्याकडे लक्ष द्या. आणि चेहऱ्याच्या नादात तळपाय आणि नखं विसरू नका. तिळाचा जो खरा धोकादायक कर्करोग आहे तो आपल्याकडे कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली.

रूपाली_सौंदर्य

आबांचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी "किती दिवस झाले" एवढं विचारते, पण "रक्त येतं का, आधी जाळला होता का" हे कधी विचारलेलं नाही. आजपासून चेहऱ्यावरचा एकटा मस आणि परत आलेला कुठलाही मस मी घेणार नाही, डॉक्टरांकडे पाठवीन. मानेच्या बारीक चामखिळी मात्र घेत राहीन, त्यात मला अजूनही चुकीचं वाटत नाही.

मिरजेची_डॉक्टर

मानेच्या बाबतीत माझं तुमच्याशी पूर्ण जमणार नाही. काळी मान बघून साखर तपासायला सांगणारं कुणीतरी तिथे असायला हवं असं मला वाटतं. पण चेहऱ्याबद्दल तुम्ही जे ठरवलंत त्याने एखाद्याचं नाक वाचेल.

सह्यकडा

माझा अनुभव घाबरवणारा होता म्हणून सांगतो. काखेत पाच-सहा वर्षं एक लोंबती चामखीळ होती, कधीच त्रास नव्हता. एका सकाळी ती सुजली आणि दुखायला लागली, संध्याकाळपर्यंत काळी-जांभळी. मी रात्रभर कर्करोगाबद्दल वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, देठाला पीळ पडलाय, रक्त जाणं बंद झालंय, गळून पडेल. सहाव्या दिवशी गळाली. माळरान यांच्या दोऱ्याने जे होतं तेच माझ्याकडे आपोआप झालं म्हणायचं.

माळरान

म्हणजे दोरा बरोबरच आहे ना, डॉक्टर? रक्त बंद केलं की गळते.

मिरजेची_डॉक्टर

तत्त्व बरोबर. तुमचा देठ बारीक होता आणि गाठ घट्ट बसली, म्हणून जमलं. गाठ ढिली राहिली की काय होतं बघा. आत येणारं रक्त चालू राहतं, बाहेर जाणारं अडतं. चामखीळ टम्म फुगते, ठसठसते, तीन-चार दिवस अर्धवट कुजलेली तशीच लोंबते आणि काखेसारख्या घामाच्या जागी जंतू धरते. मधुमेही माणसात ते आणखी चिघळतं. मी असे रुग्ण घामाच्या दिवसांत दरवर्षी बघते. दवाखान्यात तेच काम एका सेकंदात कात्रीने होतं, म्हणून मी दोरा सुचवत नाही. रुंद बुडाची असेल तर दोरा चालतच नाही, आणि तशी असेल तर ती तपासायलाही पाठवायला हवी.

मधुराताई, तुमच्या पांढऱ्या डागाचं कारण सांगते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यात नाजूक असतात. बाकीच्या पेशी तग धरतात तेवढ्या थंडीतही त्या मरतात. आमच्याकडचा द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, घरगुती किटमधला गॅस त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या चामखिळीला मरण्याइतकी थंडी मिळाली नाही, पण रंग मरण्याइतकी मिळाली. दोन वर्षांत भरला नाही म्हणजे तो पूर्ण भरेल असं सांगता येणार नाही. तुमच्या गोऱ्या मैत्रिणीच्या पेशीही मेल्या असतील, पण तिच्यात ते दिसत नाही.

मधुरा_डॅलस

कारण कळलं याने बरं वाटलं. इथल्या एफडीएने २०२२ मध्ये तीळ आणि लोंबती चामखीळ काढायच्या, परवानगी नसलेल्या वस्तू विकणाऱ्यांना पत्रं पाठवली होती, हे मी नंतर वाचलं. त्यांचं म्हणणं, अशा घरगुती वापराच्या कुठल्याही औषधाला त्यांची मान्यताच नाही. तरी दुकानं भरलेली आहेत.

वसुधा_पनवेल

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. मानेवरची एक चामखीळ कॉलरला घासते. गोळ्या चार दिवस बंद करून काढून घ्यावी का?

मिरजेची_डॉक्टर

नाही, वसुधाताई, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट असलेल्याला त्या बंद करण्याचा धोका चामखिळीच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा आहे. एवढ्याशा देठाचं रक्त दाबून किंवा औषध टेकवून थांबतं. फक्त काढणाऱ्याला आधी सांगा. पेसमेकर असेल तर तेही सांगायचं, मग विजेच्या मशीनऐवजी कात्री वापरतात.

गोदावरीची_लेक

रिपोर्ट आले. उपाशीपोटी साखर १०९, तीन महिन्यांची सरासरी ६.१. आमचे डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही पण उंबरठ्यावर आहात, ६.५ ला मधुमेह धरतात. चालणं सुरू केलंय, तीन महिन्यांनी परत तपासायचं आहे. चामखिळीचा प्रश्न घेऊन आले आणि हे हातात आलं. डॉक्टर, तुमचे किती आभार मानू?

आज त्वचेच्या डॉक्टरांकडे मान करून घेतली. लिहिते, कुणाला उपयोग होईल. आधी बधिर करायचं मलम लावून वरून प्लास्टिक चिकटवलं आणि पाऊण तास बसवलं. भिंगातून एकेक बघितली. बारीक तेरा चिमट्याने धरून कात्रीने कापल्या, मुंगी चावल्यासारखं झालं, काहींत तेही नाही. मोठीला इंजेक्शन दिलं, ते मात्र चांगलंच झोंबलं. ती कापून बुडाला मशीन टेकवलं. एकूण वीस मिनिटं. दिवसातून दोनदा मलम लावायचं, खपली ओढायची नाही आणि दहा दिवस मंगळसूत्र घालायचं नाही. सासूबाईंनी स्वतःच काढून कपाटात ठेवलं.

गालांचं मात्र त्यांनी नाही म्हटलं. लग्नाच्या आधी करणार नाही म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं. खरं तर चेहराच तर फोटोत दिसणार.

मिरजेची_डॉक्टर

त्यांनी बरोबर केलं. गालाचे ठिपके काढताना मशीन अगदी कमी ताकदीवर ठेवून नुसतं टेकवायचं असतं. ठिपका पांढरट होतो, मग खपली धरून सात-दहा दिवसांत गळतो. पण खपलीखालची नवी त्वचा आपल्या वर्णात बऱ्याचदा आधी गुलाबी आणि मग तपकिरी होते. तो तपकिरी डाग उतरायला तीन ते सहा महिने लागू शकतात. सहा आठवड्यांत लग्न म्हणजे तुम्ही नेमक्या सगळ्यात गडद टप्प्यावर असाल, गालावर वीस डाग घेऊन. थोडं खोल गेलं तर खळगा किंवा पांढरा ठिपका राहतो, तो कायमचा.

मी स्वतः आधी तीनच करते, जबड्याच्या कडेला, कानाजवळ, सहज दिसणार नाहीत असे. आठ-दहा आठवडे थांबते. ते कसे भरतात त्यावरून बाकीच्यांचं ठरवते. उन्हात जाणार असाल तर सनस्क्रीन आधीपासून लावायचं. आणि हे ठिपके पुढेही येत राहणार, आईला आले तसे. एकदा काढले की संपलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आबा_इस्लामपूर

डॉक्टर, वजन उतरलं, साखर उतरली तर चामखिळी आपोआप जातील का? माझ्या सुनेलाही आहेत.

मिरजेची_डॉक्टर

आलेल्या सहसा जात नाहीत. नव्या येण्याचा वेग कमी होतो असं मला माझ्या रुग्णांत दिसतं, पण सगळ्यांत नाही. काळी मान मात्र वजन उतरल्यावर बऱ्याच जणांची उजळते, हळूहळू.

गोदावरीची_लेक

लग्न झालं, म्हणून पुढचं लिहिते. मानेवर चौदापैकी अकरा जागा आता शोधूनही सापडत नाहीत. दोन जागी फिकट तपकिरी ठिपका आहे. मोठीच्या जागी किंचित उंचवटा आहे, डॉक्टर म्हणाले सहा महिने बघू. मंगळसूत्र घालते, अडकत नाही.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन गालाचे तीन ठिपके करून घेतले, उजव्या कानाजवळचे. पाच आठवडे झालेत. दोन साफ भरले, तिसऱ्याच्या जागी डाग आहे, मूळ ठिपक्यापेक्षा फिकट पण आकाराने थोडा मोठा. बाकीचे सतरा करायचे की नाही ते ठरत नाही. लेक म्हणते, आजीसारखे दिसतात, राहू दे. आईचे जुने फोटो काढून बघितले परवा. तिच्याही उजव्या गालावरच जास्त होते.

वसुधा_पनवेल

ताई, तो डाग तीन महिन्यांनी कसा दिसतो ते इथेच लिहा. मीही त्यावरच ठरवणार आहे. ह्यांची कॉलरची चामखीळ कात्रीने काढली, गोळ्या चालू असतानाच. पाच मिनिटं कापूस दाबून धरला, बस.